फोन घरात आहे, पण तो कुणाच्या हातात?

गेल्या वेळी आपण गटाच्या कर्जाच्या हप्त्यांबद्दल बोललो होतो. आज मुलांच्या शिक्षणाबद्दल बोलायचं आहे, आणि तेही फोनवरच्या शिक्षणाबद्दल. गटाच्या बैठकीत हा विषय निघाला की बहुतेक बाया म्हणतात, "ते लॉकडाऊनमधलं होतं, आता शाळा सुरू झाल्या, संपलं." पण ते संपलेलं नाही, म्हणून हा विषय घेतला.

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा आपल्या राज्यात "शाळा बंद, पण शिक्षण आहे" अशी मोहीम निघाली. दीक्षा अॅपचा वापर वाढला, सह्याद्री वाहिनीवर टिलीमिली ही मालिका आली, गुरुजींनी व्हॉट्सअॅपचे ग्रुप काढले. पालघरसारख्या भागात कुठे लाउडस्पीकर लावून धडे ऐकवले गेले. सिंधुदुर्गात पशुवैद्यकीय शिकणाऱ्या एका मुलीनं नेटवर्कसाठी डोंगरावर झोपडी करून तिथून तास केले, ते तर वर्तमानपत्रात आलं होतं. तो काळ गेला आणि शाळेची घंटा पुन्हा वाजली. पण फोन काही दप्तरातून बाहेर गेला नाही. गृहपाठ ग्रुपवर येतो. बारावीच्या सीईटीची तयारी मुलं फोनवर व्हिडिओ बघून करतात, कारण तालुक्याच्या क्लासची फी परवडत नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन, निकाल ऑनलाइन. 2025 पासून तर अकरावीचा प्रवेशही सगळ्या राज्यात ऑनलाइन झाला. आधी तो मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांपुरता होता, आता आपल्या गावातल्या पोरीलाही तोच फॉर्म भरावा लागतो.

म्हणजे शहरातल्या आणि गावातल्या मुलांना परीक्षा एकच आणि फॉर्मही एकच. फरक पडतो तो त्या परीक्षेपर्यंत पोचायच्या रस्त्यात.

हा फरक मोजताना सरकारी पाहणीत पहिला प्रश्न असतो, घरात इंटरनेट आहे का? 2017-18 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत गावाकडच्या शंभरातल्या सुमारे 15 घरांत इंटरनेट होतं आणि शहरात 42 घरांत. त्यानंतर लॉकडाऊनमध्ये लोकांनी पोटाला चिमटा काढून, कुणी शेळी विकून, कुणी गटातून उचल घेऊन फोन घेतले. आज कुठल्याही गावात विचारलं तर बहुतेक घरांतून "आहे" असंच उत्तर येईल. त्यामुळे वरवर बघणाऱ्याला वाटतं की दरी बुजली.

पण घरात फोन आहे याचा अर्थ तो लेकराच्या हातात आहे असा होत नाही. असर नावाची पाहणी गावागावांतल्या मुलांची होते. 2021 साली त्यांनी हा दुसरा प्रश्नही विचारला. तेव्हा शाळेत नाव असलेल्या शंभरातल्या सुमारे 68 मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, पण त्या 68 मधल्याही पाव हिश्श्याहून जास्त मुलांना तो वापरायलाच मिळत नव्हता. आम्ही बैठकांत बसतो तेव्हा आकडे सोडा, नुसतं एवढंच विचारतो: काल तुमच्या लेकीच्या हातात फोन किती वेळ होता, आणि कोणत्या वेळी? यावर बाया जरा थांबतात. मग मोजायला लागतात.

ते मोजणं कसं करायचं, ते एक घर धरून सांगतो. घर कुणा एकीचं नाही, आपल्या भागातल्या बऱ्याच घरांसारखं आहे. घरात आई, वडील, बारावी सायन्सची मुलगी आणि सातवीतला मुलगा. स्मार्टफोन एक. रिचार्ज रोज दीड जीबीवालं, 28 दिवसांचं.

वडील दुधाची गाडी चालवतात. सकाळी सातला फोन त्यांच्या खिशात जातो आणि संध्याकाळी सातला परत येतो. म्हणजे कागदावर फोन बारा तास घरात आहे. आता त्यातून वजा करा. वडिलांचे संध्याकाळचे फोन आणि जरा करमणूक, साडेआठ वाजतात. मग मुलगा घेतो, म्हणतो गृहपाठ बघायचाय, पण गृहपाठाच्या मागे गेमही असतोच. आई गटाची सचिव, तिला अर्धा तास ग्रुपवरचे निरोप बघायचे. त्यात वीज गेलेली असली तर चार्जिंग राहून गेलेलं. मुलीच्या हातात फोन येतो रात्री दहाला आणि साडेअकराला तिचे डोळे मिटायला लागतात. बारा तासांतले दीड तास झाले. तिच्या ऑनलाइन क्लासचा तास दुपारी चारला होता. तो गेला, आता त्याचं रेकॉर्डिंग बघायचं.

आता डेटा मोजू. दीड जीबी म्हणजे दीड हजार एमबी, तोंडी हिशोबाला एवढं पुरे. वडिलांनी दिवसभरात गाडीवर व्हिडिओ बघितले, ग्रुपवरचे फोटो आपोआप उतरले, धरा सहाशे एमबी गेले. मुलाने चारशे उडवले. मुलीला उरले पाचशे. फोनवर व्हिडिओ मध्यम दर्जात, म्हणजे 480 वर लावला तर तासाला साधारण पाचशे ते सातशे एमबी खातो. म्हणजे एका तासाचं रेकॉर्डिंग संपायच्या आत तिचा कोटा संपतो.

कोटा संपला तरी नेट बंद पडत नाही, आणि गोंधळ इथेच होतो. फोनवर नेटची खूण दिसत राहते, पण वेग 64 केबीपीएसवर येतो. या वेगानं तासभर चालू ठेवलं तरी जेमतेम 29 एमबी उतरतात. त्याच मुलीची मावसबहीण पुण्यात राहते असं धरू. तिच्या घरात भिंतीवर वायफायचा डबा आहे, महिन्याला पावणेपाचशेच्या आसपास बिल, वेग 30 एमबीपीएस, घरातल्या चौघांना मिळून. तीनशे एमबीचा धडा पुण्यात दीड मिनिटाच्या आत उतरतो. आपल्या पोरीला कोटा संपल्यावर तोच धडा उतरवायला दहा तासांहून जास्त लागतील. पोरगी आळशी नाही आणि फोनही बिघडलेला नाही. पण शाळेत दुसऱ्या दिवशी बाई विचारतात, "व्हिडिओ का नाही बघितला?" आणि तिला उत्तर देता येत नाही, कारण तिलाही हे कुणी सांगितलेलं नसतं.

पैशाचंही बघा. 2024 च्या जुलैमध्ये दर वाढले, तेव्हापासून रोज दीड जीबीचं 28 दिवसांचं रिचार्ज तीनशे ते साडेतीनशेच्या घरात पडतं. 28 दिवसांचा महिना धरला की वर्षात बारा नाही, तेरा रिचार्ज होतात. म्हणजे वर्षाला चार हजारांच्या आसपास, तेही एका सिमला. पुण्यातल्या घरापेक्षा महिन्याचे पैसे थोडे कमी, पण मिळणारं नेट कितीतरी कमी. शहरात मोठं पाकीट एकदम मिळतं आणि आपण पुडी पुडी विकत घेतो. किराणाची पुडी नेहमी महाग पडते हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आता नेट चालत नाही म्हणून मूल कुरकुर करतं, तेव्हा नेमकं कुठे अडलंय ते ओळखायचं कसं? आम्ही गावोगाव तीनच गोष्टी बघायला सांगतो.

पहिली, कोटा. निम्मा आणि सगळा कोटा संपल्यावर कंपनीचा मेसेज येतो, तो न वाचता पुसू नका. सकाळी सगळं चालतं आणि संध्याकाळी काहीच चालत नाही, पण रात्री बारा वाजून गेल्यावर पुन्हा पळतं, असं असेल तर तो कोटाच आहे, कारण नवा कोटा मध्यरात्री सुरू होतो. आमच्या एका गटातल्या ताई सांगत होत्या की पोरगं बारा वाजायची वाट बघत जागं बसतं. आधी त्यांना वाटायचं अभ्यासाचं वेड लागलंय.

दुसरी, टॉवर. कोटा शिल्लक आहे, तरी संध्याकाळी सात ते दहा व्हिडिओ गोल गोल फिरत राहतो आणि पहाटे मात्र नीट चालतो. याचा अर्थ एकाच टॉवरवर आजूबाजूची चार-पाच गावं एकदम बसली आहेत. वीज गेली आणि थोड्या वेळानं नेटवर्कही गेलं, तर टॉवरची बॅटरी उतरलेली. आणि फोनच्या वरच्या कोपऱ्यात 4G ऐवजी नुसतं E दिसत असेल, तर कांड्या कितीही भरलेल्या असोत, त्यावर व्हिडिओ चालणार नाही. त्यावर बोलणं होईल आणि मजकुराचा मेसेज जाईल, एवढंच.

तिसरी, फोन स्वतः. नेट चांगलं आहे, पण अॅप उघडताच बंद पडतं किंवा जागा नाही असा निरोप येतो. मग 'Storage' भरलंय. सुप्रभाताचे फोटो आणि लग्नाचे व्हिडिओ पुसले की बरीचशी जागा होते. व्हॉट्सअॅपमध्ये 'Settings' मध्ये जाऊन 'Storage and data' आणि त्यात 'Media auto-download' बघा. तिथे मोबाईल डेटावरचं सगळं बंद केलं की फोटो-व्हिडिओ आपण बोट लावल्याशिवाय उतरत नाहीत. या एका गोष्टीनं जागाही वाचते आणि डेटाही.

कुठे अडलंय ते कळलं की उपाय त्याप्रमाणे करायचा. टॉवरच अपुरा असेल तर महागडं रिचार्ज मारून काही उपयोग नाही, पैसे वाया. कोटा कमी पडत असेल तर आधी व्हिडिओचा दर्जा खाली आणा. यूट्यूबवर 'Quality' मध्ये 'Data saver' निवडा किंवा 240 वर ठेवा. फळ्यावरचं जरा अंधुक दिसतं, पण सरांचा आवाज तोच राहतो, आणि तासाभराच्या धड्याला पाचशे-सातशेच्या जागी दीडशेच्या आसपास एमबीत भागतं. गणिताचा आकडाच दिसत नसेल तर तेवढ्यापुरतं वाढवून घ्यावं.

शाळेतल्या गुरुजींनाही एक सांगता येतं. दहा मिनिटांचा व्हिडिओ टाकण्याऐवजी दहा मिनिटं बोलून आवाजाचा निरोप टाका आणि फळ्याचा एक फोटो टाका. आवाजाचा निरोप दोन एमबीच्या आत बसतो. तो कोटा संपलेल्या फोनवरही चार-पाच मिनिटांत उतरतो. बालभारतीच्या पुस्तकात धड्याजवळ जो चौकोनी ठिपक्यांचा कोड असतो, त्याचे धडे दीक्षा अॅपमध्ये आधी उतरवून ठेवता येतात आणि मग नेट नसतानाही बघता येतात. चांगलं नेट मिळेल तेव्हा उतरवायचं आणि निवांत वेळी बघायचं, ही सवय मुलांना लावली तर निम्मी ओढाताण कमी होते.

आता मगाच्या घराकडे पुन्हा वळू. त्या मुलीसाठी सगळ्यात चांगली वेळ कोणती? पहाटे पाच ते सात. बाराला नवा कोटा आलेला, पूर्ण दीड जीबी शिल्लक, टॉवरवर गर्दी नाही, वडील अजून घरात म्हणजे फोनही घरात. दोन तासांत ती आठवड्याचे धडे उतरवून घेऊ शकते. वडिलांच्या वाट्याचा डेटा त्या दिवशी कमी पडेल, तर रविवारचा एक दिवस तसा ठरवून घेता येतो.

पण पहाटे पाच ते सात ती मुलगी काय करत असते ते तुम्हाला माहीत आहे. पाणी भरत असते. अंगण झाडत असते, भाकरी टाकत असते, धाकट्याचा डबा भरत असते. नेटवर्क मोकळं असण्याची वेळ आणि पोरीच्या हाताला काम असण्याची वेळ एकच. मुलगा त्याच वेळी अंथरुणात असतो किंवा फोन घेऊन बसलेला असतो. आमच्या मते खेड्यातल्या पोरीची खरी अडचण इथे आहे. टॉवर उद्या दुप्पट केले तरी ही अडचण टॉवरनं सुटायची नाही. शहरातल्या मुलीलाही घरकाम असतं, पण नळाला पाणी आणि घरात गॅस असला की त्याला दोन तास जात नाहीत, आणि वायफायला वेळेचं बंधन नसतं.

मुलगा-मुलगी हा फरक फोनच्या मालकीतही दिसतो. 2023 मध्ये असरनं गावांतल्या 14 ते 18 वर्षांच्या मुलांना विचारलं. फोन वापरता येणाऱ्यांमध्ये शंभरातल्या सुमारे 44 मुलांकडे स्वतःचा स्मार्टफोन होता, आणि मुलींमध्ये फक्त 20 जणींकडे. पोरीच्या हातात फोन दिला तर बिघडेल, ही भीती बैठकीत उघड बोलली जाते. भीती खोटी आहे असं आम्ही म्हणत नाही. पण तीच भीती मुलाच्या बाबतीत का वाटत नाही, हे विचारलं की बैठक शांत होते. काही घरांनी यावर साधी वाट काढली आहे. फोन ओसरीवर किंवा स्वयंपाकघरात, सगळ्यांच्या देखत वापरायचा, आणि हा नियम मुलालाही लागू.

एका घराची गोष्ट मात्र या हिशोबात बसतच नाही, ती ऊसतोडीला जाणाऱ्यांची. दिवाळीच्या सुमारास आई-बाप कारखान्यावर जातात ते पाडव्याच्या आसपास परततात. फोन त्यांच्याबरोबर जातो. पोरं आजीजवळ राहतात आणि आजीकडे बटणाचा फोन. शाळेच्या ग्रुपवर नंबर आईचा. गृहपाठ उसाच्या फडात पोचतो आणि पोरगं इकडे गावात. अशा घरांसाठी आम्ही गटात ठरवतो की शाळेच्या ग्रुपवर शेजारच्या एका ताईचा नंबर जोडायचा, आणि तिनं रोज संध्याकाळी निरोप वाचून दाखवायचा. ही सोय काही कायमची नाही, पण तेवढ्यानं पोरगं वर्गापासून तुटत नाही. बरोबर गेलेल्या पोरांसाठी कोपीवर चार्जिंगचीच वानवा असते, तिथे ऑनलाइन शिक्षणाचं नावही काढू नये.

गटाला काय जमतं आणि काय जमत नाही, हेही स्पष्ट बोलायला हवं. टॉवर उभारणं गटाच्या हातात नाही. बऱ्याच ग्रामपंचायतींपर्यंत भारतनेट योजनेची फायबर तार आलेली आहे, पण कार्यालयातला डबा बंद असतो किंवा खोलीला कुलूप. ते ग्रामसभेत लेखी विचारता येतं: तार आली आहे का, चालू आहे का, शाळेला आणि अंगणवाडीला जोडली आहे का? तोंडी विचारलं तर हवेत जातं. इतिवृत्तात नोंदवून घ्या. ग्रामसंघाच्या खोलीत किंवा शाळेत संध्याकाळी दोन तास नेट मिळालं, तर दहावी-बारावीच्या मुलांना धडे उतरवून नेता येतील.

दुसरा फोन घ्यायला गटातून कर्ज मागायला बाया येतात. आम्ही नाही म्हणत नाही, पण आधी विचारतो, हप्ता किती आणि रिचार्ज किती? फोन एकदा घ्यायचा असतो, रिचार्ज वर्षातून तेरा वेळा. दुसऱ्या सिमचे चार हजार कुठून येणार हे ठरलं नसेल, तर तीन महिन्यांनी तो फोन नुसता गेम खेळायला उरतो. त्यापेक्षा जुना फोन दुरुस्त करून सिमशिवाय ठेवावा, आणि वडिलांच्या फोनवरून हॉटस्पॉट घेऊन पहाटे धडे त्यावर उतरवावे. मग वडील फोन घेऊन गेले तरी धडे घरात राहतात. मुलीला दिवसा बघता येतात. ही युक्ती बऱ्याच घरांना परवडली आहे.

शेवटी अकरावीच्या फॉर्मबद्दल, कारण दहावीचा निकाल लागला की हे विचारायला फोन येतात. फॉर्मला जो मोबाईल नंबर देता, त्यावरच ओटीपी येतो, आणि तो थोडाच वेळ चालतो. वडील गाडीवर असतील, आई रानात असेल आणि मुलगी तालुक्याला नेट कॅफेत बसली असेल, तर ओटीपी वडिलांच्या खिशात वाजतो आणि तिकडे वेळ निघून जाते. म्हणून नंबर असा द्या की ज्याचा माणूस त्या दिवसांत मुलीबरोबर असेल. बंद पडायला आलेलं सिम देऊ नका. पासवर्ड कॅफेवाल्याच्या वहीत ठेवू नका, मुलीच्या वहीत लिहा आणि गटाच्या पासबुकाबरोबर पेटीत ठेवा. कॉलेजांचा पसंतीक्रम घरी कागदावर ठरवून मगच कॅफेत जा. एसटीनं रोज जाता-येता येईल असंच कॉलेज वर टाका. यादी लागल्यावर प्रवेश नक्की करायला मोजकेच दिवस मिळतात. त्या दिवसांत फोन वडिलांच्या खिशात न जाता घरी राहील, हे आधीच बोलून ठेवा.